ड्राइव्हचा आयजीबीटी एकाच फेजला पुन्हापुन्हा का उडतो?

प्रश्न: सर, इचलकरंजीत एका सायझिंगमध्ये मेंटेनन्स बघतो. १५ किलोवॅटच्या ड्राइव्हचा आयजीबीटी मॉड्यूल सहा महिन्यांत दोनदा उडाला. दोन्ही वेळा यू फेजच, वरचा-खालचा दोन्ही शॉर्ट, आणि दोन्ही वेळा दुपारी. नवा मॉड्यूल त्याच रेटिंगचा, ५० अँपिअर १२०० व्होल्टचा टाकला होता. मोटर आणि केबल मेगर करून बघितली, ठीक आहे. मोटर फार किंचाळते म्हणून मालकांनी कॅरिअर ४ वरून १२ किलोहर्ट्झ करायला लावला होता, त्याचा काही संबंध असेल का? आणि आयजीबीटी म्हणजे आतून मॉस्फेटच ना, मग सरळ मॉस्फेट का लावत नाहीत?

उत्तर:

तिसरा मॉड्यूल एवढ्यात लावू नका. तोही जाईल. एकदा उडाला तर मॉड्यूल वाईट निघाला असं म्हणता येतं. त्याच फेजला, दोन्ही डिव्हाइस एकदम, तेही दुपारच्या उन्हात दुसऱ्यांदा गेले, तर मारणारा मॉड्यूलच्या बाहेर बसलाय. माझा संशय यू फेजच्या वरच्या आयजीबीटीला गेट पुरवठा करणाऱ्या छोट्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरवर आहे. कॅरिअरचा, म्हणजे आयजीबीटी सेकंदाला किती वेळा चालू-बंद होतात त्या आकड्याचा, संबंध आहे, पण तो एकटा गुन्हेगार नाही.

तुमचा मॉस्फेटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे.

आयजीबीटीचं गेट मॉस्फेटचं आहे, हे बरोबर. गेटवर पातळ ऑक्साइडचा थर आहे, त्यामुळे तिथे सतत करंट द्यावा लागत नाही. +१५ व्होल्ट दिले की चालू, काढले की बंद. पण गेटच्या खाली जे सिलिकॉन मोठा करंट वाहून नेतं, तिथे गोष्ट वेगळी आहे. मॉस्फेटमध्ये फक्त इलेक्ट्रॉन वाहतात. ६०० व्होल्ट अडवायचे तर आतला थर जाड आणि कमी डोपिंगचा ठेवावा लागतो, आणि तसा थर म्हणजे चांगलाच रेझिस्टन्स. आयजीबीटीत कलेक्टरच्या बाजूला एक पी थर जास्तीचा घातलेला असतो. डिव्हाइस चालू झालं की हा थर त्या जाड भागात होल्स सोडतो. इलेक्ट्रॉन आणि होल्स दोन्ही भरले की त्या जागेचा रेझिस्टन्स एकदम पडतो. म्हणून ५० अँपिअरला आयजीबीटीवर दोन-सव्वादोन व्होल्ट पडतात. तेवढ्याच व्होल्टेजचा साधा सिलिकॉन मॉस्फेट घ्या. ०.३ ओमचा मिळाला, तरी ४० अँपिअरला १२ व्होल्ट पडतील. ४१५ व्होल्ट लाइनवर डीसी बस ५८७ व्होल्टची होते, ब्रेकिंगच्या वेळी साडेसातशेच्याही वर जाते. म्हणून १२०० व्होल्टचं डिव्हाइस लागतं, आणि त्या व्होल्टेजला सिलिकॉन मॉस्फेट परवडत नाही. सिलिकॉन कार्बाइडचे मॉस्फेट हे काम करतात, पण तुमच्या ड्राइव्हचा गेट बोर्ड त्यांच्यासाठी बनवलेला नाही. तो नाद सोडा.

आता हे होल्स फुकट मिळत नाहीत. आयजीबीटी बंद करताना गेट खाली आलं की मॉस्फेटचा चॅनेल मिटतो आणि करंटचा मोठा भाग शंभरेक नॅनोसेकंदांत पडतो. पण आत भरलेले होल्स तिथेच असतात. साध्या ट्रान्झिस्टरला बेसची तार असते, तिथून साठलेला चार्ज उपसून काढता येतो. आयजीबीटीत आतल्या ट्रान्झिस्टरचा बेस बाहेर आणलेलाच नाही. गेट कितीही जोरात खाली ओढा, ते होल्स त्यांच्या गतीनेच मरतात. स्कोपवर करंटची रेघ आधी सरळ खाली येते आणि मग एक शेपटी ओढत राहते. या शेपटीच्या वेळी डिव्हाइसवर पूर्ण बस व्होल्टेज आलेलं असतं. म्हणजे ६०० व्होल्ट आणि ४ अँपिअरपासून उतरणारा करंट, अर्ध्या-पाऊण मायक्रोसेकंदासाठी. एका वेळी हे मिलिजूलच्या आसपासच भरतं, पण ते सेकंदाला हजारो वेळा होतं. आणि सिलिकॉन तापलं की शेपटी लांबते. चालू होताना तुम्ही गेट रेझिस्टर बदलून वेग कमी-जास्त करू शकता, बंद होताना अर्धाच लगाम हातात असतो.

कॅरिअर वाढवल्याचा हिशेब इथून लागतो. ५० अँपिअरच्या साधारण मॉड्यूलला गरम असताना, ६०० व्होल्टवर, चालू आणि बंद होण्याचा मिळून १० मिलिजूल खर्च धरू. तुमची मोटर पूर्ण लोडला २९-३० अँपिअर घेईल, म्हणजे शिखर ४२ अँपिअर. करंट साइन वेव्हचा आणि प्रत्येक आयजीबीटी अर्ध्याच सायकलला राबतो, म्हणून सरासरी काढायला पायने भागायचं:

```
Psw = fsw × E × (42/50) / π
4 kHz  : 4000  × 0.010 × 0.84 / 3.14 ≈ 11 W
12 kHz : 12000 × 0.010 × 0.84 / 3.14 ≈ 32 W
```

नुसता करंट वाहून नेण्याचा लॉस, म्हणजे कंडक्शन लॉस, साधारण १९-२० वॅट येतो आणि कॅरिअर बदलला तरी तो तेवढाच राहतो. म्हणजे एका आयजीबीटीचे ३० वॅट होते, ते ५० च्या वर गेले. सहा आयजीबीटी आणि त्यांच्या सोबतचे डायोड धरले, तर हीटसिंकवर दीडशे-पावणेदोनशे वॅट जास्त पडले. या मापाच्या हीटसिंकवर तेवढ्याने सुमारे २० अंश वाढतात, आणि आतल्या चिपचे हीटसिंकपेक्षा आणखी १० वर. चिप आधीपेक्षा ३० अंश जास्त गरम. त्यात सायझिंगमधली कापसाची पूद फॅनच्या जाळीत बसलेली असते, मे महिन्यात पॅनेलच्या आत ५० अंश असतात. मोटरची किंचाळी थांबली म्हणून मालक खूश, आणि त्याचा दंड मॉड्यूल भरतोय. बहुतेक ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये कॅरिअर वाढवला की करंट किती उतरवायचा याचा तक्ता असतो. तो क्वचितच कोणी उघडतं.

तरी नुसत्या या उष्णतेने आयजीबीटी असा मरत नाही. ड्राइव्ह आधी ओव्हरहीटचा ट्रिप दाखवतो. आणि उष्णता सहाही चिपना सारखीच असते, मग यू फेजच का?

काही वर्षांपूर्वी एका सूतगिरणीचा अगदी असाच ड्राइव्ह माझ्या टेबलावर आला होता. १५ किलोवॅट, ५० अँपिअरचा सहा आयजीबीटींचा मॉड्यूल, यू फेजला तीनदा गेलेला. आधीच्या दुरुस्तीवाल्याने मॉड्यूल बदलला होता, जळालेले गेट रेझिस्टर बदलले होते, थर्मल पेस्टही नीट लावली होती. काम वाईट नव्हतं. मीही पहिल्या दिवशी मल्टिमीटर घेऊन बसलो आणि मला काही सापडलं नाही. गेटचा +१५ व्होल्ट ठीक होता. उणे ८ व्होल्टचा पुरवठा ७.४ दाखवत होता. कोणीही ‘चालेल’ म्हणून पुढे गेला असता. मीही गेलो.

या ड्राइव्हमध्ये खालच्या तिन्ही आयजीबीटींना मिळून एक गेट पुरवठा असतो, पण वरच्या तिघांना प्रत्येकी वेगळा, कारण त्यांचे एमिटर आउटपुटबरोबर वर-खाली उड्या मारतात. म्हणजे एकाच फेजला वारंवार त्रास असेल, तर आधी त्या फेजच्या वरच्या आयजीबीटीचा वेगळा पुरवठा बघायचा. दुसऱ्या दिवशी यू फेजचा उणे पुरवठ्याचा कंडेन्सर काढून त्याचा ईएसआर, म्हणजे आतला रेझिस्टन्स, मोजणाऱ्या मीटरवर धरला. २२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ३ च भरला, आणि ईएसआर १२ ओम आला. नव्याचा अर्ध्या ओमच्या आत येतो. व्ही आणि डब्ल्यू फेजचे ठीक होते. यूचा कंडेन्सर एका तापणाऱ्या रेझिस्टरला चिकटून बसवलेला होता, त्यामुळे तो इतरांच्या आधी वाळला.

एवढासा कंडेन्सर मोठा मॉड्यूल कसा उडवतो? इथे गेटचा दुसरा गुण येतो. आयजीबीटीच्या कलेक्टर आणि गेटच्या मध्ये एक छोटी कपॅसिटी असते, साधारण ०.१२ नॅनोफॅरड. यूचा वरचा बंद आहे आणि खालचा चालू होतोय असं समजा. मधला बिंदू झटक्यात खाली येतो, म्हणजे वरच्या आयजीबीटीवरचं व्होल्टेज सेकंदाच्या कोट्यंशात शून्यातून सहाशेला चढतं. हा वेग मायक्रोसेकंदाला ५ किलोव्होल्ट धरा. त्या छोट्या कपॅसिटीतून ०.६ अँपिअरचा धक्का गेटकडे येतो, आणि तो गेट रेझिस्टरमधून उणे पुरवठ्यात जायला हवा. जाताना तो रेझिस्टरवर व्होल्टेज पाडतो, म्हणजे बंद असलेलं गेट वर उचललं जातं.

चांगल्या कंडेन्सरवर काय होतं ते बघू. बंद करण्याच्या वाटेत १० ओमचा रेझिस्टर आणि मॉड्यूलच्या आतले ४, मिळून १४ ओम. हा धक्का १२० नॅनोसेकंद टिकतो आणि त्यातला काही भाग गेट-एमिटरची ४ नॅनोफॅरडची कपॅसिटी पिऊन टाकते. हिशेबाने गेट साधारण ७.४ व्होल्टने उचललं जातं. सुरुवात उणे ८ पासून, म्हणजे शिखर उणे ०.६ ला थांबतं. डिव्हाइस चालू व्हायला ५.५ च्या आसपास लागतात, म्हणजे धोका लांबच आहे.

आता वाळलेला कंडेन्सर घ्या. त्याचे १२ ओम वाटेत जमा झाले, एकूण २६. धक्का वाढून १०.६ व्होल्टचा होतो. शिवाय चालू असताना त्या पुरवठ्यात जोर राहत नाही, ड्राइव्ह पळवून स्कोपवर बघितलं तर तो उणे ५ पर्यंत आलेला होता. उणे ५ अधिक १०.६ म्हणजे +५.६. अगदी उंबरठ्यावर. सकाळी चिप गार असताना हे कसंबसं निभतं. पण चालू होण्याचा हा उंबरठा तापमानाबरोबर खाली येतो, शंभर अंशांना साधारण एक व्होल्टने. दुपारी चिप तापली की तोच +५.६ पुरेसा होतो आणि वरचा आयजीबीटी अर्धवट चालू होतो, तेव्हा खालचा पूर्ण चालू असतो. डीसी बस सरळ दोघांमधून शॉर्ट. तुमच्याकडे दोन्ही वेळा दुपारीच का, याचं उत्तर माझ्या मते इथे आहे.

मग ड्राइव्हचं संरक्षण काय करत होतं, असं तुम्ही विचाराल. ते झोपलेलं नव्हतं, त्याला दिसतच नव्हतं. करंट सेन्सर मोटरकडे जाणाऱ्या तारेवर असतात, आणि हा करंट त्याच फेजच्या वरच्या-खालच्या जोडीतून, म्हणजे लेगमधूनच जातो, मोटरच्या तारेत येतच नाही. गेट ड्रायव्हरमधलं डीसॅट संरक्षण, म्हणजे चालू आयजीबीटीवरचं व्होल्टेज वाढलं की बंद करणारं, हे बघू शकतं, पण चालू झाल्यावर पहिले दोन-तीन मायक्रोसेकंद ते मुद्दाम आंधळं ठेवलेलं असतं, नाहीतर प्रत्येक वेळी खोटा ट्रिप येईल. हा शॉर्ट शंभरेक नॅनोसेकंदांचा. आला आणि गेला. प्रत्येक पल्सला थोडी उष्णता ठेवून जातो. १२ किलोहर्ट्झवर हे तिप्पट वेळा होतं. एका दुपारी चिप इतकी तापते की अर्धवट चालू होणं पूर्ण चालू होण्यात बदलतं. चांगले मॉड्यूल पूर्ण शॉर्ट जेमतेम १० मायक्रोसेकंद सोसतात, काही नव्या पिढीचे त्याहून कमी. त्यानंतर स्फोट. दोन्ही डिव्हाइस एकदम शॉर्ट मिळतात ते यामुळे. मोटर शॉर्ट असती, तर `OC` ट्रिप आधी दिसला असता आणि बहुधा दोन वेगवेगळ्या फेजचे डिव्हाइस गेले असते.

तुम्ही आता काय करायचं ते सांगतो. आधी बस डिस्चार्ज करा. मेन बंद करून दहा मिनिटं थांबा, आणि तरीही पी-एन टर्मिनलवर मीटर लावून मगच हात घाला. चार्जिंगचा दिवा विझला म्हणून हात घालणारे दोघे मी पाहिलेत.

गेट बोर्डवरचे सगळे छोटे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर काढा, फक्त यूचे नाहीत. मीटरवर मोजा किंवा न मोजता बदला. १०५ अंशांचे, कमी ईएसआरचे घ्या. प्रत्येकाला समांतर १ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक, ट्रॅकवर जवळात जवळ सोल्डर केला तर पुढच्या वेळी इलेक्ट्रोलिटिक वाळला तरी ते झटके सिरॅमिक झेलेल. मी गेल्या काही वर्षांत हे करायला कधी चुकत नाही. गेट रेझिस्टर मोजून बघा आणि जुन्या किंमतीचेच ठेवा. मॉड्यूल फुटताना गेटवर बस व्होल्टेज येतं आणि रेझिस्टर वरून छान दिसत असूनही आत तुटलेला असतो. गेट-एमिटरमधला १० किलोओमचा रेझिस्टर आणि झेनरही बघा. ड्रायव्हर ऑप्टोचा आउटपुट शंकास्पद वाटला तर तोही बदला, मॉड्यूलच्या किमतीपुढे तो काहीच नाही.

नवा मॉड्यूल घेताना फक्त अँपिअर आणि व्होल्ट बघू नका. त्याच रेटिंगचे मॉड्यूल वेगवेगळ्या पिढ्यांचे असतात. वेगवान पिढीचा टाकलात तर जुन्या रेझिस्टरवर तो जास्त झटक्यात चालू-बंद होतो. मग वर सांगितलेला धक्का वाढतो. शिवाय बंद होताना बसबारच्या थोड्याशा इंडक्टन्सवर व्होल्टेजचा काटा उभा राहतो. १०० नॅनोहेन्रीवर मायक्रोसेकंदाला ३००० अँपिअर पडले की ३०० व्होल्ट. बस ७८० वर असताना ते १०८० होतात आणि १२०० ची मर्यादा फार लांब राहत नाही. शक्यतो जुनाच पार्ट नंबर मिळवा.

पहिल्यांदा पॉवर देताना रेक्टिफायर आणि डीसी कंडेन्सर यांच्या मधल्या लिंकमध्ये सिरीज लॅम्प टाका. दोन बल्ब पुरत नाहीत, बस ५८७ व्होल्टची आहे. २३० व्होल्टचे १०० वॅटचे तीन बल्ब सिरीजमध्ये लावा. चार्ज होताना ते पेटतील आणि विझतील. मग मोटर मोकळी ठेवून ५ हर्ट्झला चालवा. बल्ब विझलेले किंवा जेमतेम लालसर राहिले, तर ठीक. भगभगून पेटले, तर लेगमध्ये अजून शॉर्ट होतोय, लगेच बंद करा. बल्ब लाइनकडून येणारा करंट रोखतात, डीसी कंडेन्सरमध्ये साठलेला चार्ज मात्र नाही.

डिफरन्शियल प्रोब असेल तर यूच्या वरच्या गेटवर लावून बघा. इथे एक फसगत होते. प्रोबच्या दोन्ही टोकांखाली पाचशे व्होल्ट उड्या मारत असतात आणि प्रोब स्वतःच एक खोटा उंचवटा दाखवतो. म्हणून आधी दोन्ही टोकं एमिटरवरच लावा, मिळेल तो उंचवटा बघून ठेवा. मग एक टोक गेटवर न्या आणि त्यातून तो वजा करा. उरलेलं शिखर शून्याच्या खाली असेल तर समाधान. दोन-तीन व्होल्टच्या वर जात असेल, तर अजून काही राहिलंय. प्रोब नसेल तर साधा स्कोप अर्थ काढून लावायचा उद्योग करू नका. स्कोपची अख्खी बॉडी बसच्या व्होल्टेजला जाते.

कॅरिअर सध्या ४ वर आणा. मोटरचा आवाज मालकांना अगदीच सहन होत नसेल, तर ६ करून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने तो कानाला कमी टोचतो. मात्र त्याआधी फॅनची जाळी काढून पूद झाडा, आणि पूर्ण लोडला तासभर चालवून ड्राइव्हच्या मॉनिटर पॅरामीटरमध्ये हीटसिंकचं तापमान दुपारी तीनच्या सुमाराला वाचा.

कंडेन्सर काढल्यावर यू, व्ही, डब्ल्यू तिन्हींचं ईएसआर इथे लिहून टाका. यूचा बाकी दोघांसारखाच निघाला, तर माझा अंदाज चुकला, आणि मग यूच्या ड्रायव्हर ऑप्टोपासून पुढे शोधू.